आईच्या हृदयाला छेद, तोही छेचाळिसाव्या वर्षी सापडला : डिव्हाइस बसवावं का?

प्रश्न : आई, वय ४६. तीन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षं जिना चढताना धाप लागते, मधूनच छातीत धडधडतं. दमा म्हणून पंप दिला होता, फारसा फरक पडला नाही. यंदा जेजुरीला निम्म्या पायऱ्यांवरच बसली. आता इकोत '२४ मिमी ऑस्टियम सिकंडम एएसडी, आरए-आरव्ही डायलेटेड, पीएएसपी ४६' असं आलंय. तीन बाळंतपणं नीट झाली, मग हे जन्मापासूनचं असून कुणाला कसं कळलं नाही? इतकी वर्षं चाललं तर आता बंद करायची गरज काय? आणि डॉक्टर डिव्हाइस म्हणतात, ते ऑपरेशनइतकं पक्कं असतं का?

उत्तर :

एएसडी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं छिद्र. 'ऑस्टियम सिकंडम' म्हणजे ते पडद्याच्या मधल्या भागात आहे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच, आणि डिव्हाइसने बंद करता येणाराही मुख्यतः हाच. त्यामुळे आईंच्या रिपोर्टमधले हे दोन शब्द चांगली बातमी आहेत.

आता उशिरा का सापडलं ते. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर तिथे दाबाचा फरक प्रचंड असतो. रक्त जोरात उडतं, स्टेथोस्कोपला मोठा आवाज येतो, बाळाचं वजन वाढत नाही आणि पहिल्या वर्षातच कुणीतरी पकडतं. वरच्या कप्प्यांत तसं नसतं. डावीकडच्या आणि उजवीकडच्या दाबात, बीपीसारखा पाऱ्यात मोजला तर, जेमतेम काही मिलिमीटरांचा फरक. त्यामुळे २४ मिलिमीटरच्या छिद्रातून लिटरभर रक्त गेलं तरी त्या छिद्राचा स्वतःचा आवाज होतच नाही. ऐकू येते ती फुफ्फुसाच्या झडपेतून जास्त रक्त जाताना होणारी हलकी सरसर, आणि निरोगी बारीक मुलांमध्येही तशीच सरसर ऐकू येते. दुसरी खूण म्हणजे हृदयाचा दुसरा ठोका दोन तुकड्यांत ऐकू येणं. निरोगी माणसात श्वास घेताना ती फट वाढते आणि सोडताना मिटते. एएसडीत ती श्वास सोडतानाही तशीच राहते. शांत खोलीत, रुग्णाला बसवून, दोन मिनिटं कान लावून ऐकलं तर कळतं. पण बाहेर साठ माणसांची रांग असलेल्या ओपीडीत ते ऐकायला कुणाला फुरसत असते?

शाळेतल्या तपासणीचं म्हणाल तर आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासली जातात आणि त्यात बरीच छिद्रं सापडतात. तो कार्यक्रम सुरू झाला २०१३ मध्ये. आईंची शाळा त्याच्या कितीतरी आधी सुटली.

पण सगळा दोष तपासणीचा नाही. मूळ कारण छिद्राच्या स्वभावात आहे. छिद्रातून किती रक्त कुठे जाणार हे फक्त त्याच्या आकारावर ठरत नाही. खालचे दोन कप्पे किती सैल आहेत, यावर ते ठरतं. रक्त नेहमी जो कप्पा सहज ताणला जातो तिकडे वळतं. जन्मल्यावर काही महिने उजवा कप्पा डाव्याइतकाच जाड आणि ताठ असतो, म्हणून छिद्र असूनही फारसं रक्त उजवीकडे जात नाही. पुढे उजवा कप्पा पातळ होतो आणि प्रवाह वाढतो. तरीही तरुणपणी डावा कप्पा बऱ्यापैकी सैल असल्यामुळे शरीर ते सांभाळून घेतं. तिन्ही बाळंतपणं नीट झाली ती याचमुळे, एएसडी असलेल्या बहुतेक बायकांची होतात.

चाळिशीनंतर गणित बदलतं. बीपी, मधुमेह, नुसतं वय, या सगळ्यांनी डावा कप्पा ताठ होत जातो. डावीकडे शिरायला रक्ताला जोर लागला की ते छिद्रातून उजवीकडे पळतं. छिद्र तेच राहतं, प्रवाह मात्र वाढतो. आईंना बीपी लागलं तीन वर्षांपूर्वी आणि धाप सुरू झाली त्यानंतर. तारखा किती जुळतात बघा. हा क्रम मी फार वेळा पाहतो, आणि बहुतेक वेळा बीपी वेगळा आजार म्हणून आणि धाप वेगळी म्हणून दोन वेगवेगळ्या फायलींत पडलेली असते.

दमा म्हणून पंप देणाऱ्या डॉक्टरांवर मी फार रागावणार नाही. फुफ्फुसात दुप्पट रक्त फिरत असेल तर खोकला, वारंवार छाती भरणं, क्वचित घरघरही होते. रक्त कमी असेल तर 'अ‍ॅनिमियामुळे', वजन जास्त असेल तर 'वजनामुळे', पाळी जायच्या वयात 'पाळीमुळे', अशी उत्तरं तयारच असतात. बाईमाणसाच्या धापेला तर विशेषच. मात्र एक गोष्ट जुन्या फायलीत शोधून पहा : ईसीजी. मशीनने वरच्या कोपऱ्यात 'इन्कम्प्लीट आरबीबीबी' असं छापलेलं बहुधा सापडेल. निरोगी माणसातही ते असू शकतं, म्हणून सगळे सोडून देतात. पण धाप, धडधड आणि हा शेरा एकत्र आला की एक इको करायलाच हवा. छातीच्या जुन्या एक्स-रेमध्येही हृदय थोडं मोठं आणि फुफ्फुसाच्या मुख्य धमनीचा फुगवटा दिसू शकतो.

आता मुद्द्याचा भाग. 'आरए-आरव्ही डायलेटेड', म्हणजे उजवीकडचे वरचा आणि खालचा, दोन्ही कप्पे फुगलेले आहेत. आईंच्या रिपोर्टमध्ये माझ्या दृष्टीने २४ या आकड्यापेक्षा हे शब्द जास्त महत्त्वाचे. लोक छिद्राचा मिलिमीटर विचारतात, पण निर्णय होतो तो उजव्या खालच्या कप्प्यावर. छिद्र सात-आठ मिलिमीटरचं आहे आणि उजवा कप्पा अगदी नेहमीच्या मापाचा आहे, अशा माणसाला मी बहुतेक वेळा काही करू नका, अधूनमधून इको करा एवढंच सांगतो. उजवा कप्पा फुगला असेल तर त्रास असो वा नसो, छिद्र बंद करण्याचा विचार करायचा. फुगलेला कप्पा हा प्रत्यक्ष पुरावा आहे की वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त त्यातून फिरतंय.

उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. जास्त दाब त्याला सोसत नाही, पण जास्त रक्त तो कमालीच्या सहनशीलतेने दशकानुदशकं वाहतो, आणि वाहता वाहता ताणला जातो. तो ताणला की त्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेची कडा रुंदावते, झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. वरचा कप्पा त्यामुळे आणखी फुगतो. वरच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की तिथली विद्युत शिस्त बिघडते आणि धडधड सुरू होते. आधी सुटे ठोके, मग फ्लटर किंवा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्याची पार बिघडलेली, वेगवान लय. दुसऱ्या बाजूला डाव्या कप्प्याला त्याच्या वाट्याचं रक्त कमी मिळतं. बसल्या जागी ते पुरतं. पायऱ्या चढताना शरीर जास्त रक्त मागतं तेव्हा ते डावीकडून निघतच नाही, कारण त्यातला मोठा हिस्सा पुन्हा फुफ्फुसाकडे चक्कर मारायला गेलेला असतो. जेजुरीच्या पायऱ्यांवर झालं ते हेच.

म्हणून 'इतकी वर्षं चाललं तर आता कशाला' याचं उत्तर असं : आतापर्यंत उजव्या बाजूने ओझं उचललं, ते उचलायची तिची ताकद आता संपत आलीय, आणि बीपीमुळे ओझं दरवर्षी वाढणार आहे. मेयो क्लिनिकने जुन्या शस्त्रक्रियांचा पाठपुरावा १९९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पंचविशीच्या आत छिद्र बंद केलेले लोक इतरांइतकंच जगले, चाळिशीनंतर बंद केलेले मात्र तितकं नाही. वेळ गेली असा याचा अर्थ लावू नका. त्यानंतरच्या अनुभवात पन्नाशी-साठीतही धाप कमी होते आणि उजवा कप्पा आकसतो हे स्पष्ट दिसलं आहे. पण आज करायचं ते पाच वर्षांनी केलं तर मिळणारा फायदा कमी असेल.

आता 'पीएएसपी ४६'. हा फुफ्फुसाच्या धमनीतला वरचा दाब, इकोवरून काढलेला अंदाज. नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि इथे घाई करायची नाही. दाब दोन कारणांनी वाढतो : एक तर रक्तच जास्त वाहतंय म्हणून, नाहीतर फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या जाड झाल्या म्हणून. पहिल्या प्रकारात छिद्र बंद केलं की दाब उतरतो. दुसऱ्या प्रकारात ते छिद्र उजव्या बाजूसाठी सुटकेची वाट झालेलं असतं. ते बंद केलं तर उजवं हृदय कोंडतं आणि रुग्ण आणखी बिघडतो.

यातलं कुठलं कारण आहे हे इको नक्की सांगू शकत नाही. त्यासाठी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात घालून दाब आणि ऑक्सिजन मोजावा लागतो. समजा, आईंच्या बाबतीत असे आकडे आले : शरीराकडून परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन ६८ टक्के, फुफ्फुसाच्या धमनीत ८३ टक्के, फुफ्फुसातून परतणाऱ्या आणि शरीराला जाणाऱ्या रक्तात ९८ टक्के. शरीराने घेतला तो फरक ९८ वजा ६८, म्हणजे ३०. फुफ्फुसात मिळाला तो फरक ९८ वजा ८३, म्हणजे १५. तिसाला पंधराने भागलं की दोन. शरीरात जितकं रक्त फिरतंय त्याच्या दुप्पट फुफ्फुसात फिरतंय. दीडच्या वर हा आकडा असला की प्रवाह मोठा समजतात.

पुढे, फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब २८ आहे, डाव्या वरच्या कप्प्यात १०, आणि फुफ्फुसातून मिनिटाला ९ लिटर रक्त जातंय. २८ वजा १० म्हणजे १८, भागिले ९, उत्तर २. हा झाला फुफ्फुसाचा अडथळा, वुड युनिटमध्ये. तीनच्या आत असेल तर निःशंक बंद करावं. तीन ते पाचमध्ये विचार करून, अनुभवी माणसाच्या हाती. पाचच्या वर असेल तर सरळ बंद करायचं नाही, आधी फुफ्फुसाच्या दाबाची औषधं देऊन पुन्हा मोजायचं. दाब तोच २८ असता पण रक्त साडेचारच लिटर जात असतं, तर अडथळा चार आला असता. इकोच्या कागदावर कदाचित तेच ४६ छापलेलं असतं, पण निर्णय वेगळा झाला असता. घरी एक गोष्ट पाहता येते : बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर बसल्या जागी आणि थोडं चालून आल्यावर ऑक्सिजन पहा. चालल्यावर आकडा उतरत असेल तर उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे रक्त जातंय की काय ही शंका येते. डॉक्टरांना ते आधीच सांगा.

याच तपासणीत, बीपी आहे म्हणून, मी आणखी एक गोष्ट मागेन. छिद्रात फुगा फुगवून ते दहा-पंधरा मिनिटं तात्पुरतं बंद ठेवायचं आणि डाव्या वरच्या कप्प्यातला दाब पाहायचा. डावा कप्पा ताठ झाला असेल तर आजवर छिद्रामुळे त्याच्यावरचा भार हलका होत होता. अचानक सगळं रक्त त्याच्यावर पडलं तर दाब एकदम चढतो आणि छिद्र बंद केल्यावर काही तासांत फुफ्फुसात पाणी भरू शकतं. दहाचा दाब चौदावर गेला तर हरकत नाही. वीसच्या वर उडी मारली तर थांबायचं, आधी बीपी आणि पाणी कमी करायची औषधं नीट द्यायची, किंवा बारीक भोक ठेवलेलं डिव्हाइस वापरायचं. साठी-सत्तरीत हे जास्त लागतं. आईंच्या वयात बहुधा अडचण येणार नाही, पण पाहिलेलं बरं.

डिव्हाइस बसेल का, हे छिद्राच्या आकारापेक्षा कडांवर ठरतं. त्यासाठी अन्ननलिकेतून केलेला इको लागतो, आणि तो केल्याशिवाय डिव्हाइसची तारीख घेऊ नये. छिद्राभोवती सगळीकडे साधारण पाच मिलिमीटर तरी पडदा उरलेला हवा, म्हणजे डिव्हाइसच्या चकत्यांना धरायला जागा मिळते. महाधमनीच्या बाजूची कड कमी असणं नेहमीचं आहे, तेवढ्याने नकार देत नाहीत. खालच्या महाशिरेच्या बाजूची कड नसेल तर मात्र डिव्हाइस टिकत नाही. फुफ्फुसाच्या चारही शिरा डावीकडेच उघडतात ना, हेही याच वेळी पाहायचं. एखादी उजवीकडे उघडत असेल तर छिद्र बंद करूनही जास्तीचं रक्त येतच राहतं.

डिव्हाइस म्हणजे लोक ज्याला छत्री म्हणतात ते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, नायटिनॉलच्या, बारीक तारांचं विणलेलं जाळं, आत पॉलिएस्टरचं कापड. दोन गोल चकत्या आणि मध्ये कंबर. कंबर छिद्रात बसते आणि चकत्या पडद्याला दोन्ही बाजूंनी धरतात. २४ मिलिमीटरच्या छिद्राला २६ किंवा २८ ची कंबर लागेल. २६ घेतली तर प्रचलित मापांप्रमाणे डावी चकती ४० आणि उजवी ३६ मिलिमीटरची असते. तेवढी जागा पडद्यात आहे का हे आधी मोजतात. मांडीच्या वर, जांघेतल्या शिरेतून साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी आत जाते. तार छिद्रातून पलीकडे, डाव्या वरच्या फुफ्फुसशिरेत टेकवतात. डावी चकती उघडून पडद्यापर्यंत मागे ओढतात, मग उजवी उघडतात. सोडण्याआधी डिव्हाइस ज्या केबलला जोडलेलं असतं ती मागेपुढे हलवून पाहतात की ते निसटतंय का, आणि इकोवर प्रत्येक कड दोन चकत्यांच्या मध्ये आली आहे का. नाही आली तर सोडायचंच नाही, नळीत परत ओढून पुन्हा प्रयत्न करायचा. ही सोय आहे म्हणूनच मला ही पद्धत आवडते. केबलचा स्क्रू फिरवून डिव्हाइस सुटतं तोवर सगळं मागे घेता येतं. चाळिशी ओलांडली असल्याने आधी हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी करायला सांगतील. ती वाढीव नाही.

ऑपरेशनइतकं पक्कं का? योग्य छिद्रासाठी, होय, आणि छाती उघडावी लागत नाही. पण कडा नसतील, छिद्र चाळीसच्या आसपास किंवा पडद्याच्या टोकाला असेल, तर ऑपरेशनच चांगलं. बसत नसलेलं डिव्हाइस बसवायचा हट्ट धरणाऱ्यापेक्षा 'हे सर्जनकडे द्या' म्हणणारा कार्डिओलॉजिस्ट मी पसंत करेन.

धोके दोन लक्षात ठेवा. डिव्हाइस निसटणं, शंभरात एखाद्याच्या आसपास, बहुधा पहिल्या चोवीस तासांत. म्हणून दुसऱ्या दिवशी इको केल्याशिवाय घरी सोडत नाहीत. निसटलेलं बहुतेक वेळा नळीनेच पकडून काढतात, क्वचित ऑपरेशन. दुसरा धोका दुर्मीळ पण गंभीर : चकतीची कड घासून हृदयाच्या भिंतीला किंवा महाधमनीला इजा करते आणि हृदयाभोवती रक्त साचतं. बहुतेकदा पहिल्या काही दिवसांत होतं, पण काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही झालेलं आहे. अचानक छातीत दुखणं, चक्कर, घाम, बीपी पडणं, यांपैकी काही झालं तर 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत बसू नका. जवळच्या इको असलेल्या रुग्णालयात जा आणि हृदयात डिव्हाइस आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यासाठी डिव्हाइसचं कार्ड पाकिटात ठेवायचं. निकेलच्या दागिन्यांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

नंतर डिव्हाइसवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सहा महिने अ‍ॅस्पिरिन, सोबत काही महिने क्लोपिडोग्रेल. तोवर हृदयाचं अस्तर डिव्हाइसवर चढतं. या सहा महिन्यांत दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं. पहिले काही आठवडे पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर उचलणं बंद. धडधड सुरुवातीला उलट वाढल्यासारखी वाटू शकते, काहींना अर्धशिशीसारखं डोकंही दुखतं. ते काही महिन्यांत बसतं. उजवा कप्पा दुसऱ्याच दिवशी थोडा आकसलेला दिसतो, खरा बदल तीन ते सहा महिन्यांत. पूर्ण मूळ मापावर येईलच असं नाही.

धडधडीचं आधी बघून घ्या. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावा. एट्रियल फिब्रिलेशन निघालं तर ते छिद्र बंद केल्याने जाईल अशी आशा या वयात धरू नये. रक्त पातळ करायच्या गोळीचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो, आणि अ‍ॅब्लेशन, म्हणजे नळीने आत जाऊन बिघडलेली लय निर्माण करणारी जागा निकामी करणं, करायचं असेल तर ते छिद्र बंद करायच्या आधी, कारण नंतर पडद्यातून पलीकडे जाणं अवघड होतं.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून पॅकेजमध्ये बसतं का ते विचारा. आणि तुम्ही तिन्ही भावंडांनी एकेक इको आणि ईसीजी करून घ्या. एएसडी कधी कधी घराण्यात चालतो. ईसीजीवर कुणाचा 'पीआर', म्हणजे वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोचायचा वेळ, लांबलेला निघाला, किंवा घरात कुणाला तरुणपणी पेसमेकर बसला असेल, तर ते आईंच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तशा घराण्यात छिद्र बंद झालं तरी ठोक्यांवर आयुष्यभर नजर ठेवावी लागते.